दुरुस्ती झाली, आता तक्रार मागे घेताना काय लिहायचं?

विश्रामबागची भाडेकरू
सांगलीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहते. वरचा मजलाही मालकांचाच. तिथल्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या स्लॅबमधून ठिबकत होतं. दोन महिने "बघू, बघू" झालं, म्हणून 12 फेब्रुवारीला प्रभाग कार्यालयात अर्ज दिला. 18 ते 21 मार्चला मालकांनी स्वतःच्या खर्चानं नहाणीभोवतीची फरशी काढून सांधा नव्यानं भरून दिला, तेही नीट. 24 मार्चला आम्ही दोघांनी पाणी साठवून पाहिलं, गळती दिसली नाही. आता ते म्हणतात, "गैरसमजातून तक्रार झाली होती, मागे घेते, एवढं लिहून द्या." मला त्यांचे आभार मानायचेत. पण हे वाक्य लिहावं का?

मिरजेचा घरमालक
द्या की लिहून. अर्ज पडला की आम्हाला कार्यालयात खेटे घालावे लागतात. काम करूनही कागद उघडाच राहिला तर मनाला लागतं. त्यांनी पैसे घातलेत, तुम्ही एका शब्दावरून का अडताय?

निवृत्त कारकून, सातारा
ताई, "गैरसमज" अजिबात लिहू नका. त्याचा अर्थ गळती नव्हतीच असा होतो. उद्या तीच नहाणी पुन्हा गळली, तर तुमचाच कागद तुमच्यासमोर धरतील. "यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही" हेही नको. ज्या कारणानं मागे घेताय तेच कारण लिहा. मी असं लिहिलं असतं :

"विषय : दि. 12 फेब्रुवारीचा अर्ज, आवक क्रमांक अमुक, मागे घेण्याबाबत.
महोदय, वरच्या मजल्यावरील बाथरूममधून माझ्या स्वयंपाकघरात होणाऱ्या गळतीबाबत मी वरील अर्ज दिला होता. घरमालकांनी दि. 18 ते 21 मार्च या काळात स्वखर्चाने नहाणीभोवतीची फरशी काढून सांधा नव्याने भरून घेतला. दि. 24 मार्च रोजी आम्ही दोघांनी पाणी साठवून पाहिले, गळती आढळली नाही. दुरुस्ती पूर्ण झाल्यामुळे सदर अर्ज मागे घेत आहे, तो निकाली काढावा. घरमालकांनी केलेल्या सहकार्याबद्दल मी त्यांची आभारी आहे."

दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या आणि तिची झेरॉक्स मालकांना स्वतः नेऊन द्या. आभार त्यांच्यापर्यंत तुमच्या हातूनच पोचू देत.

कुपवाडचा
पण एकदा मागे घेतली की त्याच कारणासाठी पुन्हा तक्रार करता येत नाही, असा कायदाच आहे. मी तर मागे घेणारच नाही.

निवृत्त कारकून, सातारा
तुम्ही म्हणताय ते कोर्टातल्या दाव्याचं. नव्यानं दाखल करण्याची परवानगी न घेता दिवाणी दावा काढून घेतला, तर त्याच कारणावर दुसरा दावा चालत नाही. हा कार्यालयातला साधा अर्ज आहे. गळती पुन्हा झाली तर नव्या तारखेचा नवा अर्ज देता येतो. म्हणूनच जुन्यात तारखा हव्यात.

गावभागातली
आमच्याकडे 2019 च्या पुराचं पाणी छातीभर होतं. नंतर भिंतींना लोणा लागला आणि घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. पुराचं नुकसान भाडेकरूनं का भरायचं?

निवृत्त कारकून, सातारा
तुमचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी तुमचा करारनामा बघावा लागेल. पण यावरून ताईंना एक सांगतो : छताचा डाग आधीच्या गळतीचा आहे, हे पत्रात एका ओळीत घाला.

गवंडीकाम करणारा, माधवनगर
पाणी नेमकं कसं साठवलं होतं? नहाणीचं तोंड गच्च बंद करून दोन बोटं पाणी चोवीस तास ठेवायचं. मग तोंड उघडून ते सगळं एकदम सोडायचं. साठलेलं असताना खाली ओल आली तर दोष फरशीत, सोडल्यावर आली तर पाइपच्या सांध्यात. पुष्कळ जण साठवतात आणि शेवटी बादलीनं उपसून काढतात, मग सांधा तपासलाच जात नाही. आणि छतावरच्या डागाची कड खडूनं आखून ठेवा. स्लॅब वाळायला कित्येक आठवडे घेतो, त्यामुळे ओल दिसली की घाबरू नका. डाग रेघेबाहेर गेला तरच गळती. तोवर रंग लावू देऊ नका, फुगून पापुद्रे येतील.

कुपवाडचा
तरी एक पावसाळा जाऊ द्यावा.

गवंडीकाम करणारा, माधवनगर
गच्ची गळत असती तर मीही तेच म्हटलं असतं. बाथरूमचं पाणी बारमाही, त्याला पावसाची वाट कशाला?

मिरजेचा घरमालक
मसुदा वाचला. "स्वखर्चाने" आणि "सहकार्य" हे शब्द आहेत, मला हे चाललं असतं. पण डागाची ओळ मालकाला खटकेल, ती पत्रात नको. फोटो काढून दोघांनी जवळ ठेवावा.

विश्रामबागची भाडेकरू
आम्ही पाणी उपसूनच काढलं होतं! काल पुन्हा भरलं आणि आज सकाळी तोंड उघडून सोडलं. मालक स्वतः माझ्या स्टुलावर चढून छताला हात लावून बघत होते. खडूची रेघ जागेवर आहे. मसुदा त्यांना वाचून दाखवला, तारीख मात्र आजचीच घालणार. "गैरसमज" काढायला ते तयार झाले. डागाच्या ओळीवर अजून अडलेत, संध्याकाळी चहाला बोलावलंय.