दुसरा अवकलज शून्य झाला, म्हणजे साथीने शिखर गाठले असे म्हणता येते का?

सुहास_मिरज: एकूण रुग्णसंख्येच्या वक्राचा दुसरा अवकलज धनाचा ऋण होताना जिथे शून्य होतो, तिथेच रोजच्या नव्या रुग्णांचे शिखर असते. मग रोजच्या आकड्यांतील वाढ मोजत राहून साथ चालू असतानाच शिखर ओळखता यायला हवे. माझ्या मते ते येते. ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावे.

वैदेही: गणित बरोबर आहे, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. मुंबईतील 1905-06 च्या प्लेगचेच उदाहरण घ्या. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 मध्ये त्या साथीतील साप्ताहिक मृत्यूंना `dz/dt = 890 sech²(0.2t − 3.4)` हा वक्र बसवला. इथे t आठवड्यांत आहे. नोंदलेले बहुतेक रुग्ण दगावत असल्यामुळे त्यांनी मृत्यूंचाच आकडा वापरला. कंसातील राशी शून्य होते तो सतरावा आठवडा, म्हणजे सुमारे एप्रिल 1906 चा मध्य, आणि त्या आठवड्याचा आकडा 890.

आता पुढचाच आठवडा पाहा. सूत्राप्रमाणे तिथे 855 येतात, म्हणजे घट फक्त 35 ची. परंतु 890 च्या आसपासची मोजणी निव्वळ योगायोगानेच तिसाच्या घरात वरखाली होते, आणि अशा दोन मोजण्यांच्या फरकातील अनिश्चितता चाळिशीच्या वर जाते. त्यामुळे वक्र खरोखर उतरू लागला असतानाही तुमचा फरक सहज धन दिसू शकेल. तिसऱ्या आठवड्यात आकडा 633 वर येतो, तेव्हा शंका उरत नाही. पण तोवर शिखर मागे पडलेले असते.

रमाकांत जोगळेकर: एवढ्या खटाटोपाची गरजच काय? शिखराच्या दिवशी एकूण रुग्णांपैकी निम्मे होऊन गेलेले असतात. बेरीज निम्म्यावर आली की शिखर आले, असे समजावे.

वैदेही: या वक्रात ते खरे आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. गोम्पर्ट्झच्या वक्रात मात्र शिखर सुमारे 37 टक्क्यांवरच येते. शिवाय निम्मे कशाचे? एकूण किती होणार हे साथ चालू असताना कोणाला ठाऊक असते?

आरोग्यखात्यातला: मी कोविडच्या काळात एका जिल्ह्याचे आकडे एकत्र करत असे. रविवारी तपासण्या कमी होत, त्यामुळे सोमवार-मंगळवारी आकडा हमखास खाली दिसे आणि मग पुन्हा चढे. दुसरा अवकलज अशाने दर आठवड्याला शून्य ओलांडतो. सात दिवसांची सरासरी घेतली की हा त्रास मिटतो, परंतु ती मागील सात दिवसांची असेल तर शिखर साधारण तीन दिवस उशिरा दिसते. एकदा जुन्या, राहून गेलेल्या नोंदी एकाच दिवशी चढवल्या गेल्या आणि आमच्या आलेखावर कधीच न घडलेले शिखर उभे राहिले. म्हणून मी नोंदणीच्या तारखेऐवजी लक्षणे सुरू झाल्याची तारीख घेण्याच्या बाजूचा आहे, मग शेवटचे काही दिवस अपुरे दिसले तरी चालेल.

सुहास_मिरज: म्हणजे शिखर कधीच नेमके सांगता येणार नाही, असे आपल्या सर्वांचे म्हणणे आहे का? तसे असेल तर मला ते मान्य नाही.

वैदेही: नाही, तसे म्हणणे नाही. शिखर शिखरावर शोधू नये, उतारांवर शोधावे, एवढेच. प्लेगच्या वक्राची अर्धी उंची, म्हणजे 445, शिखराच्या दोन्ही बाजूंना सुमारे 4.4 आठवड्यांवर येते. तिथे आकडा आठवड्याला सव्वाशेने बदलतो आणि मोजणीतील अनिश्चितता फक्त विशीच्या आसपास असते. त्यामुळे ते दोन्ही क्षण दिवसा-दीड दिवसाच्या फरकाने पकडता येतात, आणि त्यांचा मध्य म्हणजे शिखर. अर्थात त्यासाठी महिनाभर थांबावे लागते.

अनिरुद्ध_पुणे: त्या मध्याला अर्थ आहे तो दोन्ही उतार सारखे असतील तरच, आणि मुंबईच्या प्लेगात ते सारखे असण्याचे कारण काय? माणसातील प्लेग ही उंदरांतील प्लेगची सावली होती, हे त्या दोन लेखकांनीही नमूद केले आहे. उंदरांवरच्या पिसवांना कडक उन्हाळा मानवत नाही आणि मुंबईत प्लेग ऋतूप्रमाणे चढत-उतरत असे. तेव्हा उतार कशामुळे आला, बाधा होण्याजोगी माणसे संपल्यामुळे की हवामानामुळे, हे वक्र सांगत नाही. वक्र छान बसला, एवढेच त्यातून कळते.

वैदेही: ऋतूचा मुद्दा मान्य. पण शिखराची तारीख आणि शिखराचे कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तारखेसाठी वक्र आकड्यांना बसणे पुरेसे आहे.

अनिरुद्ध_पुणे: मागे वळून पाहताना पुरेसे आहे. पुढच्या आठवड्यात किती खाटा लागतील हे सांगायचे असेल, तर कारणावाचून नुसती तारीख घेऊन काय करणार?

सुहास_मिरज: मी मिरजेच्या आसपासच्या डेंग्यूच्या आकड्यांवर उतारांची रीत लावून पाहणार आहे. पाऊस थांबल्यावर उतार एकदम कोसळतो, असा माझा अंदाज आहे. तसे निघाले तर मध्य घेण्यात अर्थ उरणार नाही.