‘अजून सराव कर’ पुरे, की नेमकी चूक लिहायची?

तिसरीच्या बाई, तासगाव
माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत. हातच्याच्या वजाबाकीची स्वाध्यायपत्रिका तपासताना मी ‘छान’, ‘लक्ष दे’, ‘अजून सराव कर’ असे शेरे देते. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, काय चुकलं आणि आता काय करून बघायचं ते दोन ओळींत लिहा, मूल खट्टू होणार नाही असं. एकाने ५२ − २७ = ३५ लिहिलंय. इथं काय लिहू? आणि एवढा वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

शिक्षक, मिरज
माझ्या मते नाही. माझ्याकडे ५८ पोरं आहेत. एकेका पत्रिकेला दोन मिनिटं धरली तरी जवळजवळ दोन तास जातात, आणि एवढं करून तिसरीतली बरीच पोरं ती ओळ अडखळतच वाचणार. शेरा वाचतात ते पालक, आणि वाचून पोरालाच ओरडतात. मी चुकीला गोल करतो आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित फळ्यावर सगळ्यांसाठी सोडवतो. पोरांना ऐकून कळतं, वाचून नाही.

डी.एल.एड. दुसरं वर्ष, सातारा
मला नेमका शेराच पटतो. बाई, ५२ − २७ = ३५ म्हणजे मुलाने हातचा घेतला, पण दशकातला एक कमी केला नाही. १२ मधून ७ गेले ५, आणि ५ मधून २ गेले ३. तर लिहा, ‘हातचा घेतल्यावर ५ चे ४ करायचे राहिले.’

निवृत्त केंद्रप्रमुख, वाई
ताई, तुमची दिशा बरोबर आहे, पण घाई झाली. ३५ हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक वाट तुम्ही सांगितलीत. दुसऱ्या वाटेने जाणारं मूल हातचा घेतच नाही. त्याला २ मधून ७ जात नाहीत हे दिसतं, मग ते उलटं करून ७ मधून २ काढतं. तिथंही ५ च येतात. दशकात ५ मधून २ गेले ३. पुन्हा ३५.

या दुसऱ्या मुलाला ‘५ चे ४ करायचे राहिले’ असं लिहिलं तर ते गोंधळतं, कारण त्याने हातचा घेतलेलाच नसतो. बाई नेमकं लिहितात, पण दुसऱ्याच कुणाची चूक लिहितात. त्यापेक्षा ‘सराव कर’ परवडला.

हे गणितामुळेच झालंय. एककांतला फरक ५ असला, की दोन्ही चुकांचं उत्तर सारखं येतं. ६३ − ४८ घ्या, तिथंही दोघांचं २५ येईल. म्हणून पत्रिकेत ४१ − १८ सारखं एखादं गणित हवं. उलटं काढणारा ८ मधून १ काढून ३७ लिहितो, दशक कमी न करणारा ११ मधून ८ काढून ३३ लिहितो. बरोबर उत्तर २३. उत्तर बघितलं की मूल कोणत्या वाटेने गेलं ते कळतं.

बाई, त्या मुलाच्या बाकीच्या उत्तरांवर आणि अंकांच्या डोक्यावरच्या खुणांवर एकदा नजर टाका. वर बारीक १ लिहिलेला असेल, तर त्याने हातचा घेतलाय. त्याला असं लिहा: ‘हातचा बरोबर घेतलास. ५ दशकांतला १ सुटा केला, मग दशक किती उरले? ते ५ च्या वर लिही आणि ४१ − १८ करून बघ.’ खूण नसेल आणि ८५ − ४२ सारखं बिनहातच्याचं गणित बरोबर असेल, तर असं: ‘८५ − ४२ बरोबर. ५२ − २७ मध्ये तू ७ मधून २ काढलेस. आपल्याकडे २ आहेत, ७ द्यायचे आहेत. एक गठ्ठा सोड आणि ४१ − १८ काड्यांवर करून बघ.’ दोन्हीकडे ५२ − २७ चं उत्तर मी लिहिलेलं नाही. ते लिहिलं, की मूल खोडून २५ करतं आणि काम संपलं असं समजतं.

आई, कराड
शेऱ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या वहीवर वर्षभर ‘अक्षर सुधार’ असाच शेरा होता. ती विचारायची, म्हणजे काय करू? मलाही सांगता येत नव्हतं. शिकवणीच्या ताईंनी एकदा लिहिलं, ‘दोन शब्दांत एका बोटाएवढी जागा सोड, पहिल्या तीनच ओळी पुन्हा लिही.’ त्या तीन ओळी तिने जेवायला बसायच्या आधी लिहून काढल्या. गणितात मात्र घरी आम्ही चूक दाखवावी की नाही?

निवृत्त केंद्रप्रमुख, वाई
दाखवू नका, विचारा. ‘हे कसं केलंस, मला सांग.’ मूल बोलता बोलता अडेल तिथं थांबा.

शिक्षक, मिरज
सर, दोन वाटांचा मुद्दा मान्य. मी फळ्यावर सोडवताना एकच चूक धरून बोलत होतो, ते बदलीन. पण वेळेचं काय? आणि गुणांचं? पालकसभेत पहिला प्रश्न ‘किती पडले’ हाच असतो.

निवृत्त केंद्रप्रमुख, वाई
वेळेचं सांगतो. मी आधी काहीच लिहायचो नाही, नुसते गठ्ठे लावायचो. उलटं काढणारे एकीकडे, दशक कमी न करणारे दुसरीकडे, सगळं जमून एखादंच गणित घसरलेले तिसरीकडे. उरायची ती चार-पाच, ज्यांचं काहीच लागत नाही. तिसऱ्या गठ्ठ्याला गणिताशेजारी नुसता ठिपका पुरतो, चूक ती स्वतः शोधतात. पहिल्या दोन गठ्ठ्यांना प्रत्येकी एकच शेरा, तोच उतरवायचा. उरलेल्यांना शेरा लिहूच नये, जवळ बसवून विचारावं. वाचता न येणाऱ्यांसाठी तुमचं बोलणंच योग्य, पण ते त्या गठ्ठ्यापुरतं, सगळ्या वर्गापुढे नाही. आणि शेरा दिला तर दुसऱ्या दिवशी तासाची पहिली पाच-सात मिनिटं ४१ − १८ करायला द्या. ती दिली नाहीत, तर लिहिणं वाया गेलं.

गुणांबद्दल रूथ बटलर यांचा १९८८ सालचा इस्राएलमधला अभ्यास आहे. नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो फायदा झाला नाही. म्हणून गुण नोंदवहीत ठेवा, पत्रिकेवर नको.

शिक्षक, मिरज
ती पाचवी-सहावीची मुलं होती, सर. तिसरीला तेच लागू होईल हे मी धरून चालणार नाही. शिवाय आमच्याकडे पत्रिकेवर गुण नसले तर पालक मुख्याध्यापकांकडे जातात. गठ्ठे लावून बघतो, गुण मात्र लिहिणार.

तिसरीच्या बाई, तासगाव
आज ३५ लिहिणाऱ्या तिघांना ४१ − १८ दिलं. एकाने ३७ लिहिलं, एकीने ३३. तिघांनाही मी कालपर्यंत ‘लक्ष दे’ हाच शेरा दिला होता, आणि त्यातली एकही चूक लक्ष न दिल्याची नव्हती. याचं मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्याने मात्र २३ लिहिलं. कसं केलंस विचारलं, तर त्याने ४१ रेघा मारल्या होत्या, १८ खोडल्या आणि उरलेल्या मोजल्या. हातचा कुठंच नाही. उत्तर बरोबर आहे, मग त्याच्या पत्रिकेवर काय लिहू?

डी.एल.एड. दुसरं वर्ष, सातारा
बरोबरची खूण करा, त्याने खरंच वजा केलंय. मग त्याच्याच रेघांवर दहा-दहाचे गोल करायला सांगितले तर? ४ गोल आणि १ सुटी रेघ. आता १८ काढायचे तर एक गोल फोडावा लागेल, आणि तोच हातचा. या वेळी घाई होत नाही ना, सर?

निवृत्त केंद्रप्रमुख, वाई
नाही. मी असंच केलं असतं. फक्त गोल फोडायचा हे त्याला सांगू नका, ‘गोल करून पुन्हा १८ काढून बघ’ एवढंच लिहा.