फवारणीची वही

«नवरा गेल्याचं दुःख ‘ती रडली’ असं न लिहिता कसं दाखवावं? माझ्या कथेत तसबिरीला हार आहे, पण तो भिडत नाही.»

हार मृत्यूनंतरच घरात येतो, त्यामुळे वाचकाला त्याचा आधीचा काहीच परिचय नसतो. त्याऐवजी दोघांच्या रोजच्या कामातली वस्तू घ्यावी. समजा, घर नाशिकजवळच्या द्राक्षबागेतले आहे. पहिल्याच पानावर, औषधांच्या उधारीवरून दोघांची कुरबुर चालू असताना, ती तारीख, औषध आणि पाऊस सांगते व तो फवारणीच्या वहीत सावकाश लिहून घेतो, एवढे जाता जाता येऊ द्यावे. वहीकडे बोट दाखवले, तर पुढचा बेत उघडा पडतो.

तो गेल्यानंतर ऑक्टोबर छाटणी होते आणि वही तिच्याकडे येते. आता लिहिणारी तीच आहे, तरीही ती प्रत्येक नोंद आधी मोठ्याने म्हणते, त्याला लिहायला जेवढा वेळ लागे तेवढी थांबते आणि मगच स्वतः लिहिते. इथे ‘तिला त्याची फार आठवण आली’ असे वाक्य हमखास सुचते (मलाही सुचते). ते खोडून प्रसंग पुन्हा वाचावा. काहीच उणे वाटले नाही, तर प्रसंग उभा राहिला आहे. वाटलेच, तर दुरुस्ती बहुधा पहिल्या पानावर लागते.