हाऊसमनने नाकारलं म्हणून शिक्षण, जात सगळं मॉडेलबाहेर काढायचं का?

मृदुला_पॅनेल
पॅनेल डेटावर हाऊसमन टेस्ट काढली, रँडम इफेक्ट्स नाकारलं गेलं, की आमच्याकडे लगेच फिक्स्ड इफेक्ट्स लावतात आणि शिक्षण, वंश, जात असं जे जे वर्षानुवर्षं बदलत नाही ते सगळं गळून जातं. मुंडलाकने १९७८ मध्येच वाट दाखवली आहे ना, की जे रकाने दरवर्षी बदलतात त्यांचे प्रत्येक माणसाचे मीन काढून मॉडेलमध्ये टाका आणि मग रँडम इफेक्ट्स चालवा. माणसाच्या न दिसणाऱ्या भागाशी असलेल्या कोरिलेशनचा प्रश्न सुटतो आणि शिक्षणही राहतं. माझ्या मते हे कोरिलेटेड रँडम इफेक्ट्स, म्हणजे सीआरई, हाच डिफॉल्ट असावा. कोणाचा विरोध आहे का आणि का?

जुना_मास्तर
माझा विरोध आहे, पण अर्धाच. सगळ्यांकडे असलेला डेटा घेऊन बोलू, wagepan. अमेरिकेतले ५४५ पुरुष, १९८० ते १९८७, म्हणजे प्रत्येकाची आठ वर्षं, आणि डाव्या बाजूला पगाराचा लॉग. युनियनमध्ये असण्याचा कोएफिशियंट साध्या पूल्ड ओएलएसमध्ये ०.१८२ येतो, रँडम इफेक्ट्समध्ये ०.१०६ आणि फिक्स्ड इफेक्ट्समध्ये ०.०८०. म्हणजे एवढं दिसतं की जे लोक युनियनमध्ये जास्त असतात ते मुळातच जास्त कमावणारे आहेत आणि ते श्रेय ओएलएस युनियनला देऊन टाकतं.

आता एक माणूस घ्या जो आठपैकी तीन वर्षं युनियनमध्ये होता, त्याचा मीन ०.३७५. युनियनच्या वर्षी फिक्स्ड इफेक्ट्स १ मधून पूर्ण ०.३७५ वजा करतं आणि ०.६२५ उरतात. रँडम इफेक्ट्स तो मीन पूर्ण वजा करत नाही, या डेटात साधारण ०.६४ पटच करतं, म्हणून ०.७६ उरतात, आणि जो मीनचा तुकडा आत राहिला त्यातूनच 'हा माणूस मुळात कसा आहे' हे परत आत शिरतं. मुंडलाकने केलं ते इतकंच की तो मीन वेगळा रकाना करून टाकला, मग उरलेला तुकडा त्या रकान्यात जातो आणि युनियनचा कोएफिशियंट बरोबर ०.०८० येतो. जवळपास नाही, तंतोतंत तोच. इथपर्यंत मृदुलाताईंशी मी पूर्ण सहमत.

पण शिक्षणाचं काय? ते पुढे लिहितो, आधी इतरांचं ऐकतो.

काठावरचा
+१ मृदुला. मीन टाकले की युनिट इफेक्ट आणि एक्स यांच्यातलं कोरिलेशन शोषलं जातं, उरलेला एरर स्वच्छ, म्हणजे मॉडेलमधले सगळेच कोएफिशियंट अनबायस्ड झाले, शिक्षणाचाही. मी असंच करून पेपर पाठवलाय आणि रेफरीने काही म्हटलं नाही.

जुना_मास्तर
काठावरचा, पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे, 'सगळेच' इथे घसरलं. माणसाचा जो न बदलणारा भाग आहे, हुशारी म्हणा, घरची परिस्थिती म्हणा, त्यातला जेवढा युनियनच्या आणि लग्नाच्या मीनशी जोडलेला तेवढाच ते मीन शोषतात. हुशारीचा जो भाग शिक्षणाशी जोडलाय पण युनियन-लग्नाच्या मीनमध्ये उमटत नाही तो कोण शोषणार? कोणीच नाही, तो जसाच्या तसा शिक्षणाच्या कोएफिशियंटवर बसतो.

आणि हे करून बघता येतं. सीआरईमध्ये शिक्षणाचा जो आकडा येतो तो कुठून येतो माहितीय? प्रत्येक माणसाची आठ वर्षं गुंडाळून एक सरासरी ओळ करा, ५४५ ओळींवर साधं ओएलएस चालवा, उजवीकडे तेच मीन आणि शिक्षण. बॅलन्स्ड पॅनेलमध्ये तोच आकडा मिळेल. म्हणजे शिक्षणाच्या बाबतीत पॅनेल असण्याचा फायदा मिळालेलाच नाही, तो क्रॉस-सेक्शनचाच आकडा आहे, फक्त फिक्स्ड इफेक्ट्सच्या शेजारी छापला जातो म्हणून लोक त्यावर तेवढाच विश्वास ठेवतात. माझा खरा आक्षेप याच शेजाराला आहे.

शिरापूरचा_अभ्यासक
माझं काम इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या जुन्या गाव-अभ्यासावर आहे, तोच १९७५ ला सुरू झालेला, आपल्याकडची शिरापूर आणि कान्झरा ही गावं त्यात आहेत. मी कुटुंबाची जात आणि वारसा जमीन ठेवायची म्हणून सीआरई लावलं आणि जातीच्या कोएफिशियंटचा एरर खूप मोठा आला. आता मी अजून काही वर्षांचा डेटा जोडतोय, म्हणजे ओळी वाढतील आणि तो आवळून येईल. बरोबर ना?

जुना_मास्तर
नाही हो, तिथे वर्षं वाढवून फार हाती लागणार नाही. जातीची माहिती कुटुंबा-कुटुंबातल्या फरकातून येते. वर्षं वाढली की प्रत्येक कुटुंबाची सरासरी थोडी स्थिर होते, पाऊसपाण्याचा गोंगाट कमी होतो, एवढंच, पण कुटुंबं तेवढीच राहतात. खत, बैलजोडी, मजूर असं जे दरवर्षी बदलतं त्याला मात्र तुमच्या नव्या वर्षांचा चांगला उपयोग होईल.

आणि तुमच्या विषयाशी याचं जुनं नातं आहे. मुंडलाकने १९६१ मध्ये हे सगळं शेतीवरूनच सुरू केलं होतं. हुशार शेतकरी खतही नीट घालतो आणि त्याचं पीकही चांगलं येतं, मग पिकातला किती वाटा खताचा आणि किती त्याच्या कसबाचा हे कसं सोडवायचं, हा त्याचा प्रश्न. खतासाठी ते सुटलं. पण कसबी कुटुंबाकडेच चांगली जमीनही आली असेल तर जमिनीसाठी ते सुटलेलं नाही, मीन टाकले तरी.

सर्व्हेवाला
मला समजलं ते असं की मीन टाकायचे म्हणजे मिसिंग व्हॅल्यूच्या जागी मीन भरायचा, ते तर आम्ही सर्व्हेमध्ये नेहमी करतो. त्याने कोरिलेशन कसं जाईल?

मृदुला_पॅनेल
नाही दादा, ते वेगळं. इथे मूळ रकाना तसाच राहतो आणि त्या माणसाच्या सगळ्या वर्षांची सरासरी हा नवीन रकाना शेजारी येतो. पण मिसिंगचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण मी तिथेच अडकले होते. मीन आधी काढले, मग रिग्रेशनमध्ये ज्या ओळींत पगार नव्हता त्या गळल्या, आणि माझा सीआरई फिक्स्ड इफेक्ट्सशी जुळेना. दोन दिवस गेले. जेवढ्या ओळी रिग्रेशनमध्ये प्रत्यक्ष वापरल्या जातात तेवढ्यांवरच मीन काढायचे, आणि वर्षं कमी-जास्त असतील तर इयर डमींचेही मीन टाकायचे, मग जुळलं. wagepan बॅलन्स्ड आहे म्हणून तिथे इयर डमींचे मीन लागत नाहीत. मी स्टाटात चालवलेलं हे:

```
xtset nr year
foreach v in union married exper expersq {
  bysort nr: egen m_`v' = mean(`v')
}
xtreg lwage union married expersq ///
  m_union m_married m_exper m_expersq ///
  educ black hisp i.year, re vce(cluster nr)
test m_union m_married m_expersq
xtreg lwage union married expersq i.year, fe
```

शेवटची ओळ फक्त ताळा करायला. union, married, expersq दोन्हीकडे सारखे आले नाहीत तर मीनमध्ये चूक आहे असं समजायचं. expersq साठी वर्गांची सरासरी हवी, सरासरीचा वर्ग नाही, तिथेही लोक चुकतात.

काठावरचा
यात exper का नाही? फक्त m_exper आहे. फिक्स्ड इफेक्ट्समध्ये exper गळतो, सीआरईमध्ये तो परत मिळवता येतो हाच तर फायदा.

मृदुला_पॅनेल
मी पण घालून बघितला, स्टाटाने एक रकाना omitted करून टाकला. या डेटात प्रत्येकाचा अनुभव दरवर्षी बरोबर एकाने वाढतो, म्हणजे अनुभव म्हणजे सुरुवातीचा अनुभव अधिक वर्ष, आणि वर्ष तर डमींत आहेच, सुरुवातीचा अनुभव मीनमध्ये आहे. तिसरं काही उरतच नाही. इयर डमी काढल्या तर exper ला आकडा येईल, पण त्या आठ वर्षांत सगळ्यांचेच पगार जसे हलले तेही त्यात मिसळेल. म्हणजे जी माहिती डेटातच नाही ती मीन टाकून येत नाही, हे मी आता मान्य करते.

पण मास्तर, तुमच्या शेजाराच्या आक्षेपावर मला बोलायचंय. ती test ची ओळ बघा. मीनचे कोएफिशियंट एकत्र शून्य आहेत का हा हाऊसमनचाच प्रश्न आहे, आणि तो क्लस्टर एरर ठेवून विचारता येतो. जुनी हाऊसमन टेस्ट माझ्या थिसिसमध्ये निगेटिव्ह काय-स्क्वेअर देत होती आणि समोरच्यांनी 'मग रँडमच घ्या' असं सांगितलं होतं, ज्याला काही अर्थ नाही. एवढ्यासाठी तरी सीआरई डिफॉल्ट का नको?

जुना_मास्तर
टेस्टसाठी घ्या, मी अडवत नाही. टेबलात मात्र शिक्षणाची ओळ वेगळ्या भागात टाका आणि खाली स्पष्ट लिहा की हा माणसा-माणसातला फरक आहे. आणि अजून एक, त्या ओळीत युनियन आणि लग्न यांचे मीन धरून ठेवलेत. शिक्षणामुळे माणूस युनियनच्या नोकरीत गेला आणि त्यामुळे पगार वाढला, तर तो वाटा शिक्षणाच्या आकड्यातून वजा झालाय. वाचणारा 'शिक्षणाचा एकूण परिणाम' म्हणून घेतो आणि तसं ते नाही.

प्रोबिटवाली
तुम्ही दोघं लिनियर मॉडेलवर भांडताय, तिथे सीआरई नसलं तरी फिक्स्ड इफेक्ट्स आहेच, फार बिघडत नाही. माझ्याकडे डावीकडे शून्य-एक असतं, बाई कामावर गेली की नाही. प्रोबिटमध्ये प्रत्येक बाईला डमी दिली आणि वर्षं चार-पाचच असली तर सगळे कोएफिशियंट वाकतात, बायका कितीही वाढवा. कंडिशनल लॉजिट लावलं तर जी बाई सगळी वर्षं कामावर होती किंवा सगळी वर्षं घरी होती ती सँपलमधूनच जाते, आणि माझ्याकडे अशाच जास्त आहेत. शिवाय प्रोबॅबिलिटी किती बदलली हे सांगायला युनिट इफेक्ट हातात लागतो, तो तिथे नसतो. सीआरई प्रोबिटमध्ये मुलांच्या संख्येचा मीन टाकते, सगळ्या बायका राहतात आणि सरासरी मार्जिनल इफेक्ट काढता येतो. म्हणून माझ्यासाठी तरी मृदुलाचं बरोबर.

जुना_मास्तर
तिथे मीही तेच वापरतो, पण ताळा तिथे करता येत नाही हे लक्षात ठेवा. लिनियरमध्ये मीनचं गृहीतक चुकलं तरी युनियनचा आकडा सुरक्षित असतो कारण तो फिक्स्ड इफेक्ट्सचाच असतो. प्रोबिटमध्ये ते गृहीतक चुकलं, म्हणजे बाईचा न दिसणारा भाग मीनवर सरळ रेषेत अवलंबून नसला किंवा उरलेला भाग नॉर्मल नसला, तर मुलांचा कोएफिशियंटही हलतो. शिवाय या वर्षी काम सोडलं म्हणून पुढच्या वर्षी मूल झालं असं असेल तर पुढच्या वर्षाचा आकडा मीनमध्ये आधीच येऊन बसलाय. हा दोष लिनियर फिक्स्ड इफेक्ट्सलाही आहे, सीआरईने तो जात नाही.

प्रोबिटवाली
हो, ते शेवटचं माझ्या डेटात असणार, मी नाही म्हणत नाही. पुढच्या वर्षीची मुलांची संख्या जास्तीचा रकाना म्हणून घालून बघते, तो ठळक आला तर अडचण आहे हे कळेल. पण ठळक आला तर मी काय वापरू हे तुम्हीही सांगितलं नाहीत.

शिरापूरचा_अभ्यासक
मग जातीसाठी हाऊसमन-टेलर लावू का? १९८१ चं. त्यात न बदलणाऱ्या रकान्यालाही इन्स्ट्रुमेंट मिळतं म्हणतात.

मृदुला_पॅनेल
मिळतं, पण त्यासाठी बदलणारा एखादा रकाना असा हवा जो कुटुंबाच्या न दिसणाऱ्या भागाशी जोडलेला नाही आणि ज्याची सरासरी जातीशी मात्र जोडलेली आहे. शिरापूरच्या डेटात असं काय आहे? मला पाऊस सुचला होता, पण तो गावातल्या सगळ्यांना सारखाच.

शिरापूरचा_अभ्यासक
कुटुंबातल्या माणसांचं वय? नाही, तेही जमिनीच्या वाटणीशी जोडलेलं असतं. बघतो, सापडलं तर इथेच लिहितो.