मदत हवी आहे: पंप करून ठेवलेलं दूध, ३४ डिग्रीत साडेपाच तास बाहेर राहिलं

अकोल्याची_आई: बाळ ४ महिन्यांचं आहे, सोमवारपासून ऑफिस. आज सकाळी ८ला पंप करून ठेवलेली बाटली ओट्यावरच राहिली आणि दीडला सासूबाईंच्या लक्षात आलं. घरात थर्मामीटर ३४ दाखवतोय. वास ठीक आहे, टाकून द्यायला जीव होत नाहीये, ९० मिली काढायला अर्धा तास गेला होता. टाकू का? आणि फ्रिज सिंगल डोअरचा आहे, आत मागच्या बाजूला ४ दाखवतो, दारात ९, वर बर्फाच्या कप्प्यात उणे ८. फ्रीझरमध्ये ६ महिने चालतं म्हणतात ते यात चालेल का?

मंदाकाकू: अगं ६ ते ८ तास आरामात टिकतं, गाईच्या दुधासारखं लगेच नासत नाही. टाकू नकोस.

रात्रपाळी_नर्स: काकू, ६-८ तास हे थंड खोली आणि अगदी स्वच्छ हाताळणी असेल तेव्हाचं आहे. ४ तासांचा नियमसुद्धा साधारण २५ डिग्रीपर्यंतचा. ३४ला साडेपाच तास म्हणजे ताई, टाकून द्या, वास चांगला आला म्हणून जंतू वाढले नाहीत असं नसतं. उन्हाळ्यात काढल्याबरोबर झाकण लावून थेट फ्रिजमध्ये. दारात नको, दार उघडलं की तिथेच गरम हवा लागते, मागच्या बाजूला ठेवा, तिथे ४ असेल तर ४ दिवस. ६ महिने हे उणे १८ला, तुमचा कप्पा तिथवर जात नाही. अशा आतल्या कप्प्याला जुन्या तक्त्यांत २ आठवडे दिलेत, मी त्याहून कमीच धरेन.

पिहूची_मम्मी: माझं तर फ्रीझरमधलं काढलं की साबणासारखा वास यायचा, नासलं समजून ८ पिशव्या ओतल्या, अजून वाईट वाटतं 😞

रात्रपाळी_नर्स: तो बहुतेक लायपेजचा वास, दुधातलंच एन्झाइम असतं, त्याने दूध खराब होत नाही, काही बाळं नाकारतात एवढंच. आंबट वास आला तर मात्र देऊ नका.

अकोल्याची_आई: टाकलं. आता एकच, आमच्याकडे दुपारी लाइट जाते ३-४ तास, कप्प्यातल्या पिशव्या अर्ध्या वितळल्या तर?

रात्रपाळी_नर्स: आत बर्फाचे कण दिसत असतील तर परत गोठवता येतं. पूर्ण वितळलं पण अजून फ्रिजइतकं गार असेल तर परत गोठवू नका, फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरा. कोमट करून बाळाने उष्टं केलेलं २ तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं.

मंदाकाकू: मग लाइट जायच्या आधी पिशव्या बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून ठेव ना.

अकोल्याची_आई: तेच करते काकू. पण रोज लाइट जाणार असेल तर उणे ८चे ते २ आठवडे तरी धरायचे का? सिंगल डोअरवर कुणी असं केलंय का, सांगा प्लीज.