मदत हवी आहे: बजेटच्या स्लाइड्स, सोमवारी मांडायच्यात

वर्षा_मुलुंड: सोमवारी बीकेसीला सीएफओ आणि डायरेक्टरांसमोर आमचं पुढच्या वर्षाचं बजेट मांडायचंय, साहेब म्हणतात एका स्लाइडवर एकच मुद्दा, आणि माझ्या एक्सेलमध्ये 46 ओळी आहेत. कशा बसवू? प्लीज लवकर सांगा.

ठाणेकर: डिपार्टमेंट कुठलं? मागताय किती? यंदा किती?

वर्षा_मुलुंड: सॉरी. भिवंडीचं गोडाऊन. यंदा 12 कोटी, मागतोय 13.8.

सुहास_डी: पाय चार्ट टाका, फॉन्ट 24 च्या खाली नको, दहा स्लाइड्सच्या वर जाऊ नका. मी नेहमी असंच करतो.

एक्सेलवाली: फॉन्टचं बरोबर आहे, पण पायमध्ये पैसे कुठे जातात तेवढंच दिसतं. सीएफओ विचारणार 1.8 कोटी का वाढले. वर्षाताई, 12 कोटी हे यंदाचं मंजूर बजेट की मार्चपर्यंतचा अंदाजे खर्च?

वर्षा_मुलुंड: खर्च. मंजूर 12.6 होतं.

एक्सेलवाली: मग 12 पासूनच सुरू करा. 12.6 धरलंत तर वाढ 1.2 दिसेल, पण खरा खर्च त्यांच्याकडे असतोच, आकडा लपवला असं वाटेल. वाढ का झाली?

वर्षा_मुलुंड: भाडं 6 कोटी आहे, करारात 5 टक्के वाढ म्हणजे 30 लाख. कंत्राटी कामगारांचे दर 20 लाख. माल वाढला त्याचे 40. नवीन रात्रपाळी 90.

एक्सेलवाली: झालं की! पहिली स्लाइड वॉटरफॉल चार्ट: 12, मग दर 0.5, माल 0.4, रात्रपाळी 0.9, शेवटी 13.8. शीर्षक ‘बजेट समरी’ नको, पूर्ण वाक्य लिहा: ‘1.8 कोटींच्या वाढीतली निम्मी रात्रपाळीची’. दर आणि माल टाळता येत नाहीत, त्यांची मिळून एक स्लाइड. निर्णय हवाय तो रात्रपाळीवर, तिला वेगळी स्लाइड, आणि नाही म्हणाले तर काय अडेल ते तिथेच. 46 ओळी शेवटी जोडपत्रात. शेवटच्या खांबावर राइट क्लिक करून `Set as total` करा, नाहीतर तो आधीच्यांवर चढून 27.6 पर्यंत जातो.

नंदू_काका: आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये सिंकिंग फंडावरून असाच गोंधळ झाला. ऑडिटर बदलायचा असेल तर ठराव लागतो का कुणाला माहीत आहे का?

ठाणेकर: काका, वेगळा धागा काढा. वर्षा, रात्रपाळीच्या 90 लाखांत फोर्कलिफ्टची खरेदी धरलीय का? ती भांडवली, तिची किंमत या चार्टमध्ये नको, नुसता घसारा धरा.

वर्षा_मुलुंड: अरे देवा, 25 लाख धरलेत. म्हणजे 13.8 पण बदलणार!

सुहास_डी: भाड्याने घ्या, मग खर्चातच राहील.

ठाणेकर: हे भाडेकराराच्या मुदतीवर अवलंबून आहे, लांबचा करार असेल तर तोही ताळेबंदावर येतो. आधी फायनान्सला विचारा.

वर्षा_मुलुंड: फायनान्सवाला शनिवारी फोन उचलत नाहीये. साहेबांना 12.6 चा खांबसुद्धा हवाय, मूळ बजेट दिसलं पाहिजे म्हणतात. तो कुठे टाकू?