१४ फोटो पाठवले, १० पोहोचले, कुणी काही बोललं नाही. चूक कुणाची?

टॉवेलवाला_सोलापूर
आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. नवीन डिझाइन आलं की फोटो एका फोल्डरमध्ये टाकायचे, मग एक छोटा प्रोग्राम ते टेलिग्रामवरच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपमध्ये एकाच मेसेजमध्ये पाठवतो. मागच्या महिन्यात १४ डिझाइन टाकली. ६ ते ९ नंबरचं एकही ऑर्डरमध्ये आलं नाही. पंधरा दिवसांनी एका पार्टीने विचारलं, "सहा ते नऊ केलीच नाहीत का?" ग्रुप उघडला तर तिथे १० च फोटो. पाठवताना लाल अक्षर नाही, सूचना नाही, उलट स्क्रीनवर "Sent" आलं होतं. माझं म्हणणं, जमत नसेल तर अख्खा मेसेज अडवा, पण गुपचूप चार फोटो गिळू नका. तुम्हाला काय वाटतं?

चाटी_गल्ली
दादा, राग समजतो, पण जबाबदारी पाठवणाऱ्याचीच. आपण ट्रान्सपोर्टला माल देतो तेव्हा बिल्टीवर नग लिहितो की नाही? १४ नग लिहिले आणि गोडाऊनला १० उतरले, तर हमालसुद्धा बोंब मारतो. तुम्ही फोटोंबरोबर नग लिहिलेच नाहीत, मग समोरच्याला कमी पडलेलं कळणार कसं? अ‍ॅपची मर्यादा १० ची आहे, वरचे ते फेकून देतं. हे माहीत धरूनच चालायचं.

कोड_आणि_कडक_भाकरी
बिल्टीचं उदाहरण एकदम बरोबर, पण "अ‍ॅप फेकून देतं" हे बरोबर नाही. आपण हाताने १४ फोटो निवडले तर टेलिग्रामचं अ‍ॅप स्वतःच १० आणि ४ असे दोन गठ्ठे करतं, सगळे पोहोचतात. प्रोग्राममधून `sendMediaGroup` वापरताना एका वेळी २ ते १० नग असा नियम आहे, आणि ११ वा घातला तर अख्खी विनंती नाकारली जाते, चूकही परत येते. म्हणजे १० पोहोचले आणि चार गेले, तर ते चार सर्व्हरवर नाही, तुमच्याच प्रोग्राममध्ये कापले गेलेत. टॉवेलवाले दादा, फोटो गोळा करणारी ओळ इथे टाका.

सोरेगाव_रोड
माझंही असंच होतं. फोटो जातात पण धूसर दिसतात, जेकार्डची नक्षी कळतच नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फरक पडेल.

टॉवेलवाला_सोलापूर
काका, धूसर नाही, आलेच नाहीत. ही ओळ, आमच्या ओळखीच्या एका मुलाने लिहिलेली:

```python
photos = sorted(os.listdir("designs"))[:10]
```

पण एक कोडं आहे. शेवटचे चार गेले असते तर माझ्या लक्षात आलं असतं. ग्रुपमध्ये १४ नंबरचं डिझाइन दिसत होतं, म्हणूनच मी समजलो की सगळे गेले.

कोड_आणि_कडक_भाकरी
कोडं याच ओळीत आहे. शेवटचं `[:10]` म्हणजे पहिले दहा घे, बाकी सोड. ज्याने लिहिलं त्याला मर्यादा माहीत होती, त्याने चूक येऊ नये म्हणून टोक कापलं. आता `sorted` बघा. फाइलींची नावं 1.jpg, 2.jpg अशी असतील, तर प्रोग्राम त्यांना आकडे नाही, अक्षरं म्हणून लावतो. त्यामुळे क्रम लागतो १, १०, ११, १२, १३, १४, २, ३, ४, ५. झाले दहा. उरले ६, ७, ८, ९. तुमचे हरवलेले बरोबर तेच आहेत. शेवट शाबूत आणि मधलं भगदाड, म्हणून डोळ्याला काही खटकलं नाही. नावं 01, 02 अशी ठेवलीत तर क्रम सरळ लागेल, पण तेवढ्याने कापणं थांबत नाही. तेव्हा ११ ते १४ गेले असते, इतकंच.

टॉवेलवाला_सोलापूर
आत्ता फोल्डर उघडून पाहिलं. नावं अगदी तशीच आहेत, 1.jpg पासून 14.jpg. पंधरा दिवस मी व्यापाऱ्यांना दोष देत होतो की डिझाइन आवडलं नाही म्हणून.

माग_आणि_मोबाईल
मी उलट बाजूने बोलते. अख्खा मेसेज अडवा हे बोलायला सोपं आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी आमच्याकडे रात्री उशिरा फोटो तयार होतात, सकाळी पार्टी बघते. चौदापैकी दहा गेले तरी दहांचा धंदा होतो. एक फोटो जास्त झाला म्हणून काहीच गेलं नाही, आणि मी झोपलेली, तर सगळंच बुडालं. अर्धं पोहोचणं हे काहीच न पोहोचण्यापेक्षा बरं.

कोड_आणि_कडक_भाकरी
ताई, अर्धं पाठवायला माझी हरकत नाही. अर्धं पाठवून "Sent" म्हणायला आहे. आणि इथे अर्धं पाठवायची गरजच नव्हती, वरच्या ओळीतलं `[:10]` काढून गठ्ठे करता येतात:

```python
for i in range(0, len(photos), 10):
    batch = photos[i:i+10]
```

१४ चे १० आणि ४ होतील. फक्त एक खड्डा सांभाळा. ११ किंवा २१ फोटो असले की शेवटच्या गठ्ठ्यात एकच उरतो, आणि नियमाप्रमाणे गठ्ठा किमान दोघांचा हवा. तो एकटा `sendPhoto` ने पाठवायचा. नाहीतर पुन्हा एक फोटो वाटेत राहील, आणि तो फक्त अकरा फोटोंच्या दिवशीच राहील, त्यामुळे सापडायला महिने लागतील.

दुसरं, `sendMediaGroup` यशस्वी झालं की जितके फोटो गेले तितक्या मेसेजची यादी परत देतं. प्रत्येक गठ्ठ्याची यादी मोजा, बेरीज करा, फोल्डरमधल्या आकड्याशी ताडून बघा. जुळलं तरच "Sent" छापा. तुमच्या प्रोग्रामने दहा पाठवले, दहा परत आले, सगळं जुळलं असंच त्याला वाटलं, कारण मोजणी कापल्यानंतरची होती. मोजायचं ते कापण्याआधीच्या फोल्डरमध्ये.

चाटी_गल्ली
अ‍ॅप फेकतं हे माझं चुकलं, मान्य. पण बिल्टी मी सोडत नाही. प्रोग्रामने मोजलं तरी समोरच्याच्या हातात आकडा हवाच. पहिल्या फोटोखाली "एकूण १४ डिझाइन, १ ते १४" एवढं लिहा. पार्टी स्वतः मोजेल आणि पंधराव्या दिवशी नाही, पहिल्याच सकाळी फोन करेल.

टॉवेलवाला_सोलापूर
हे दोन्ही करतो. आत्ताच १४ फोटोंवर चाचणी घेतली, दोन गठ्ठ्यांत सगळे गेले. ११ वर घेतली तेव्हा तो एकटा फोटो वेगळा गेला. पण एक विचारायचं राहिलं. पहिला गठ्ठा गेला आणि दुसऱ्याच्या वेळी नेट गेलं तर?

कोड_आणि_कडक_भाकरी
मी असतो तर दुसरा गठ्ठा तीनदा पुन्हा पाठवून बघितला असता. तरी नाही गेला तर पहिलाही काढून टाकला असता. बॉटला आपला मेसेज ४८ तासांच्या आत पुसता येतो. अर्धा कॅटलॉग ग्रुपमध्ये पडून राहणं मला पटत नाही.

माग_आणि_मोबाईल
अजिबात पुसू नका! पार्टीने सकाळी तीन नंबरवर "हे २०० नग" लिहून ठेवलेलं असेल आणि तुम्ही खालचा फोटोच काढून घ्याल? त्यापेक्षा ग्रुपमध्ये सरळ लिहा, "चार डिझाइन राहिली, पाठवतोय."

कोड_आणि_कडक_भाकरी
नेट गेलेलं असताना ती ओळ तरी कशी जाणार, ताई?

माग_आणि_मोबाईल
मग ती ओळ आधीच लिहा. पहिल्या गठ्ठ्याखालीच "१४ पैकी १०, बाकी ४ मागून". मागून आले नाहीत तर पार्टी विचारेल.

टॉवेलवाला_सोलापूर
ताईंचं पटतंय. पुसायचं नाही हे मी ठरवलं, आमच्या पार्ट्या पहाटेच नंबर लिहून टाकतात. फोल्डरमधली नावं आज रात्री 01, 02 करून घेतो.